नाही कुणाच्या पोटात

"सगळीऽऽ आली नाईत!"

दिवस कलला की पाचोडच्या शिवारातून अक्षदाच्या बापाचा, बिभीषणचा, आवाज असा यायचा. 'सगळी'वर चढायचा, तिथं जरा रेंगाळायचा आणि मग 'नाईत' म्हणताना पुरता खाली न उतरता हवेत लोंबकळत राहायचा. चुलीपाशी बसलेली तिची आई कस्तुराबाई तेवढ्यानं उठायची. काठी घ्यायची, ओढ्याकडं निघायची. दोनचार मेंढरं मागं राहिलीत, एवढं तिला कळलेलं असायचं. कधी बिभीषण एकटाच पुढं निघून यायचा, कळप आजोबांच्या मागं अजून दूर असायचा. तेव्हाही शब्द तेच असायचे, पण आवाज सपाट, जमिनीवरून पाणी वाहावं तसा. मग कस्तुराबाई जागची हलायची नाही. "येतील," म्हणायची आणि भाकरी उलटायची.

अक्षदाला हे सगळं लहानपणी ऐकून माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, तर त्याच्याकडं कधी लक्षच गेलं नव्हतं. श्वास आत येतो, बाहेर जातो, त्याकडं कुणाचं लक्ष असतं?

आता मात्र याच दोन शब्दांनी तिचा जीव नकोसा केला होता. विद्यापीठात भाषाविज्ञानात ती पीएच.डी. करत होती. विषय होता मराठीतले 'सगळे', 'प्रत्येक' असे शब्द आणि नकार. म्हणजे 'सगळे' आणि 'नाही' एका वाक्यात आले तर कोण कुणाच्या पोटात जातं, एवढाच प्रश्न. घरी कुणी विचारलं, "काय शिकतीस गं?" तर तिला धड सांगताही यायचं नाही. एकदा आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "नाही पोटात गेलं की पोट दुखतंय बाई," आणि विषय संपला.

तिचे मार्गदर्शक डॉ. मुकुंद पाठक. केस पांढरे, सदरा पांढरा, बोलणं धुतल्यासारखं स्वच्छ. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं होतं: 'सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत.' त्याखाली दोन अर्थ लिहिले.

"हा पहिला," ते म्हणाले होते. "एकेक विद्यार्थी घ्या. हा पास झाला नाही, तोही नाही, तीही नाही. म्हणजे एकही नाही. इथं 'सगळे' बाहेर आहे आणि 'नाही' त्याच्या पोटात. आता हा दुसरा. 'सगळे पास झाले' असं जे कुणी म्हणेल, ते खोटं. काही झाले, काही राहिले. इथं 'नाही' बाहेर, 'सगळे' त्याच्या पोटात. इंग्रजीत असल्या वाक्याला दोन्ही अर्थ लागतात. मराठीत मात्र जे आधी ऐकू येतं ते बाहेर राहतं. 'सगळे' आधी आलं, 'नाही' शेवटी. म्हणून अर्थ एकच, पहिला. दुसरा हवा असेल तर मराठी माणूस म्हणेल, 'सगळे काही पास झाले नाहीत.' तो 'काही' उगाच येत नाही."

मग ते अक्षदाकडं वळले. "तू सांग. तुझी मातृभाषा आहे. तुला किती अर्थ लागतात?"

तिनं तोंड उघडलं आणि "व्हय सर..." एवढंच निघालं. वर्गात मागं कुणीतरी फिसकन हसलं. मुकुंद सरांनी त्या हसणाऱ्याला असं काही झापलं की वर्ग गार पडला. "ज्या बोलीला हसता तिच्यावर चार ओळी लिहून दाखवा," ते म्हणाले. अक्षदाचे डोळे भरून आले होते. सर पुन्हा मायेनं म्हणाले, "हं, बोल. एकच ना?"

"हो सर," ती म्हणाली. "एकच."

त्या दिवसापासून 'व्हय' तिच्या ओठावरून जो गेला तो गेलाच.

पुढं सरांनी तिच्यासाठी काय केलं नाही? शिष्यवृत्तीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, स्वतःची पुस्तकं दिली, तापानं फणफणली तेव्हा घरून डबा पाठवला. असल्या माणसाला कोण म्हणणार की तुमचा सिद्धान्त जुना झाला?

पहिली फेरी तिनं सिल्लोडच्या एका महाविद्यालयात केली. पोरांना गोष्ट सांगायची आणि मग वाक्य ऐकवून विचारायचं, खरं की खोटं? गोष्टीत एका गुरुजींनी परीक्षा घेतली आणि वर्गातला एकूण एक मुलगा आपटला. मग वाक्य: 'सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत.' खरं? सगळी पोरं म्हणाली, खरं. एक मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, हमारे यहाँ भी ऐसाच बोलते. सब पास नहीं हुए." अक्षदा खुशीत परत आली. आकडे मांडले, तक्ते केले, प्रकरण लिहिलं.

सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"अक्षदा, तुझ्या गोष्टीत एकही पास झालेला नाही. मग 'एकही नाही' हा अर्थ खरा ठरला, बरोबर?"

"हो सर."

"आणि 'सगळे झाले असं नाही' हा अर्थ? एकही झाला नसेल तर सगळे झाले नाहीत हेही खरंच की. दोन्ही अर्थ खरे. मग त्या पोरांनी कोणता अर्थ लावून 'खरं' म्हटलं, ते तुला कसं कळणार?"

तिला कानशिलात बसल्यासारखं झालं. बरोबर होतं. काही मुलं पास आणि काही नापास अशी गोष्ट हवी होती. तिथं पहिला अर्थ खोटा पडतो आणि दुसरा खरा, तिथंच दोघांची वाट वेगळी होते. तिनं एवढं हिंडून फक्त तेवढंच विचारलं होतं ज्याचं उत्तर दोन्हीकडं सारखं येतं.

"होतं असं," सर म्हणाले. "पुन्हा कर. आणि या वेळी वाक्यं मी वाचून रेकॉर्ड करून देतो. सगळीकडं एकसारखी ऐकू गेली पाहिजेत. प्रमाण उच्चारात."

दुसरी फेरी तिनं जिद्दीनं केली. शहरात विद्यापीठाच्या पोरांना सरांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. गोष्ट तीच, पण आता काही पास, काही नापास. वाक्य ऐकून बहुतेक जण म्हणाले, खोटं. कुणी मान हलवत म्हणालं, "नाही, काही तर पास झाले ना!" म्हणजे त्यांना 'एकही नाही' हाच अर्थ लागला होता. सरांचा सिद्धान्त उभाच्या उभा. सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग ती पाचोडला गेली. आठवडी बाजाराच्या दिवशी चावडीमागच्या खोलीत माणसं जमवली. स्पीकरनं ऐन वेळी मान टाकली. बॅटरी गेली, का धूळ शिरली, देव जाणे. माणसं जमलेली, कुणाचं बाजार उरकायचं राहिलेलं. "आवर बाई, मेथी सुकती माझी," एक म्हातारी म्हणाली. मग अक्षदानं कागद हातात घेतला आणि वाक्यं स्वतःच वाचली.

इथं जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, खरं.

"काही पास, काही नापास, आन् सगळी पास झाली नाईत. खरंच हाय की," तीच म्हातारी म्हणाली. "ह्याच्यात इचारायसारखं काय हाय?"

अक्षदानं लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये खिडकीतून कपाशीची शेतं मागं पळत होती आणि ती मांडीवरच्या वहीतले आकडे पुन्हा पुन्हा मोजत होती.

सरांनी हे आकडे पाहिले आणि शांतपणे बाजूला ठेवले.

"गावाकडची माणसं वाक्य ऐकत नाहीत, गोष्ट ऐकतात," ते म्हणाले. "काही पास झाले, काही नाही, एवढं त्यांना आठवतं, आणि मान डोलावतात. हा गोंधळ आहे, अर्थ नव्हे. हे परिशिष्टात टाक."

गोंधळ! अक्षदा पुंडलिकनगरच्या खोलीवर आली आणि पिशवी कॉटवर फेकली. खोलीत तिच्यासोबत राहणारी स्वराली, तिचीही पीएच.डी. त्याच विभागात, ध्वनींवर. स्वराली दुसऱ्या शहरातल्या वकिलांच्या घरातली, तोंडाची फटकळ.

"काय झालं? पुन्हा परिशिष्ट?"

"माझ्या गावाला अर्थ लागत नाही म्हणे. गोंधळ लागतो."

"अगं, पाठक सर स्वतः काय बोलतात ते ऐकलंस का? काल कार्यालयातून फोन आला तर म्हणाले, 'सगळे पेपर तपासून झाले नाहीत अजून.' समोर तपासलेल्यांचा ढीग! एकही झाला नाही असं थोडंच म्हणायचं होतं त्यांना?"

"मीही होते तिथं. विचारलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, तिथं 'अजून' आहे. 'अजून'मुळं अर्थ बदलतो."

स्वराली कॉटवर आडवी होऊन हसली. "उद्या म्हणतील पंख्यामुळं बदलतो."

अक्षदाला हसू आलं नाही. राग यायला हवा होता, तोही धड येत नव्हता. सर खोटं बोलत असते तर सोपं होतं. ते मनापासून बोलत होते, आणि प्रत्येक खेपेला त्यांच्याजवळ उत्तर असायचं. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही मऊ, मायेची.

"तुझ्या गावातलं रेकॉर्डिंग आहे ना?" स्वराली उठून बसली. "लाव बरं. आधी सरांचं, मग तुझं."

सरांचा आवाज खोलीत भरला. 'सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत.' सरळ, समतल. सगळा जोर शेवटी 'नाहीत'वर, तिथं आवाज खाली बसलेला, दार लावून घ्यावं तसा.

मग अक्षदाचा. 'सगळेऽ विद्यार्थी पास झाले नाहीत.' 'सगळे'वर चढलेला, जरा थांबलेला, आणि शेवटी खाली न उतरलेला. मागं कुणाचीतरी शेळी ओरडत होती.

स्वरालीनं दोन्ही पुन्हा एकदा लावली.

"हे एकच वाक्य नाहीये गं," स्वराली हळू आवाजात म्हणाली. तिचं कामच आवाजाचे चढउतार मोजायचं. "अक्षरं तीच. पण तू 'सगळे'ला असं उचलून धरतेस की ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे नाही, मग काही तरी झाले असतील. सर ते उचलतच नाहीत."

अक्षदानं कपाळाला हात लावला. म्हणजे तिनं गाव आणि शहर यांच्यातला फरक मोजलाच नव्हता. तिनं मोजला होता मुकुंद सरांचा आणि स्वतःचा आवाज! प्रश्न विचारणारीनंच प्रश्नात उत्तर पेरून ठेवलं होतं. तिनंही, आणि सरांनीही. पुन्हा एक फेरी वाया. तिला त्या क्षणी सगळं चुलीत घालावंसं वाटलं.

पण चुलीत घातलं नाही. तिसऱ्या फेरीत तिनं आवाजांची अदलाबदल केली. सरांचं रेकॉर्डिंग पाचोडात, तिचं विद्यापीठात. पाचोडच्या म्हातारीनं या वेळी सरांचा आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "नाय बाई, ह्यो मानूस खोटं बोलतोय. काही पोरं पास झाली की!" विद्यापीठातल्या पोरांनी अक्षदाचा आवाज ऐकून म्हटलं, खरं. मग तिनं तेच वाक्य नुसतं छापून दोन्हीकडं दिलं. आवाज नाही, सूर नाही. तिथं माणसं दुभंगली. कुणी खरं म्हणालं, कुणी खोटं, गावातही आणि शहरातही. आणि 'सगळे काही पास झाले नाहीत' या वाक्याला मात्र कुठंच, कुणाच्याच आवाजात भांडण नव्हतं. 'एकही विद्यार्थी पास झाला नाही' यालाही नव्हतं. त्या वाक्यांत कोण बाहेर आणि कोण पोटात हे शब्दांनीच बांधून टाकलेलं होतं. सुटं होतं ते हेच वाक्य.

तिनं प्रकरण पुन्हा लिहिलं. नकार शेवटी येत असला तरी तो उचलून 'सगळे'च्या बाहेर नेता येतो, आणि तो नेला की नाही हे आवाज सांगतो, असं. लिहिताना पहिल्यांदाच तिला हातांत बळ आल्यासारखं वाटलं.

प्रबंध दाखल करायची मुदत जवळ आली होती. वाढवून मिळालेली होती, ती पुन्हा वाढणार नव्हती. सरांच्या सहीशिवाय प्रबंध पुढं सरकत नाही, आणि सरकला नाही तर इतक्या वर्षांचं सगळं जिथल्या तिथं राहणार. घरी बाप म्हणाला होता, "आता उरक बाई."

दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. बाहेर ऊन असं की गोगाबाबा टेकडीसुद्धा थरथरताना दिसावी. खोलीत पंखा गरम वारा ढवळत होता. सरांनी प्रकरण वाचून ठेवलेलं. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा.

"छान काम केलंयस," ते म्हणाले. "आवाजाचा भाग खूपच छान. पण आवाज म्हणजे व्याकरण नव्हे. वाक्याचा मूळ अर्थ एकच. आवाज त्याच्यावर काहीतरी चढवतो, जसा उपरोध चढवतो."

"सर, उपरोध म्हटलं तर छापलेल्या वाक्याला लोक दोन्ही अर्थ कसे लावतील? तिथं तर आवाजच नाही."

"वाचताना मनात आवाज असतोच."

"तेच म्हणते मी सर. आवाजाशिवाय वाक्य असतंच कुठं?"

सर जरा हसले. "तू चांगली वाद घालायला लागलीस," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं, ते खोटं नव्हतं. "ऐक. मला हे प्रकरण अडवायचं नाहीये. आकडे आहेत तसे राहू देत. आवाजाचा भाग राहू दे. फक्त इथं एक ओळ हवी." त्यांनी पेन्सिलीनं रिकाम्या जागेवर टकटक केलं. "असल्या प्रबंधात लेखक स्वतःच्या जाणिवेची साक्ष देतो. तू मातृभाषिक आहेस. लिही, 'सूर बाजूला ठेवल्यास प्रस्तुत लेखिकेच्या भाषिक जाणिवेत या वाक्याला एकच अर्थ लागतो.' म्हणजे दोन्ही बाजू तोलल्या जातील. मी आत्ता सही करतो."

कागद तिच्यासमोर सरकला. जवळ पेन ठेवलं.

"अगं, एवढा काय विचार?" सर म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगितलंस की तू. मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात तुझं उदाहरण देतो. मराठवाड्याच्या मुलीच्या कानालाही एकच अर्थ लागतो, असं."

अक्षदानं पेन उचललं. टोक कागदावर टेकवलं. शाईचा ठिपका उमटला आणि त्या ठिपक्यापुढं हात जाईना. प्रत्येक वर्गात! इतकी वर्षं तिच्या एका 'हो'वर सर उभे होते, आणि तिला वाटत होतं की आपण सरांच्या आधारावर उभ्या आहोत. एक ओळ लिहायची, सही घ्यायची, बाहेर पडायचं. कुणाला कळणार होतं? तिच्या कानात काय वाजतं ते बघायला कुठला परीक्षक येणार होता? आकड्यांना तर सर हातही लावत नव्हते. मागत होते तेवढंच, जे आकड्यांत कुठंच नव्हतं आणि फक्त तिच्यापाशी होतं.

चीड आली. सरांची नव्हे. तीन फेऱ्या गावोगाव हिंडून, शेकडो माणसांना खरं की खोटं विचारून, जिला विचारायला हवं होतं तिला कधीच विचारलं नव्हतं त्याची.

तिनं पेन खाली ठेवलं.

"सर, ही ओळ मी नाही लिहू शकत."

"का? शब्द बदलायचे असतील तर बदल."

"शब्द नाही सर." तिनं कागद सरांकडं परत सरकवला. "मला एक अर्थ लागतच नव्हता. कधीच."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे दोन लागायचे. तुम्ही फळ्यावर दोन लिहिले, ते दोन्ही मला ओळखीचे होते. लई ओळखीचे. तुम्ही 'एकच ना' म्हणालात, वर्ग माझ्याकडं बघत होता, तुम्ही नुकतंच माझ्यासाठी सगळ्यांना बोलला होता... मला वाटलं, मी दोन म्हणाले तर तुम्हालाही वाटेल की हिला मराठी येत नाही. म्हणून मी एक म्हणाले." ती उभी राहिली, खुर्चीची पाठ घट्ट धरून. "व्हय सर. दोन्ही अर्थ लागत्यात मला. तवाबी लागत व्हते."